भाव दिसतो, पण माल मिळतो का?

सांता क्लारामध्ये उन्हाळ्यात रात्री पावणेनऊला मुंबईचा शेअर बाजार उघडतो. आपली जेवणं झालेली असतात, भांडी डिशवॉशरमध्ये गेलेली असतात आणि तिकडे सकाळचे सव्वानऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात घड्याळ मागे गेलं की हीच वेळ पावणेआठवर येते. दिवसभर नोकरी करून रात्री भारतातल्या शेअर्सशी खेळणाऱ्यांसाठी याहून सोयीची वेळ नाही, असं मलाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. लहान कंपन्यांच्या शेअर्सच्या जुन्या भावांवर एक नियम चालवायचा आणि तो नियम पाळला असता तर किती मिळालं असतं ते बघायचं. यालाच बॅकटेस्ट म्हणतात. आकडे बरे आले होते. एकदा घेऊन महिन्याभराने विकलं की सरासरी 3 टक्के सुटत होते. प्रोग्रामने एका लहान कंपनीचं नाव सुचवलं, भाव होता 200 रुपये. भारतातल्या खात्यात चार लाखांहून थोडे जास्त रुपये होते. ते बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते, पण ऑपरेशनला अजून सहा आठवडे होते. तोवर पैसे नुसते पडून कशाला राहू द्यायचे, म्हणून 2000 शेअर्सची ऑर्डर टाकली.

महिन्याभरात भाव 206 झाला. बरोबर 3 टक्के. प्रोग्रामचा अंदाज अचूक आला आणि तरीही माझे पैसे गेले. कारण मला शेअर 200 ला मिळालाच नव्हता, आणि 206 ला तो कोणी घेतलाही नाही. खरेदीची सरासरी 204 रुपये 14 पैसे पडली. विकताना पहिल्या दिवशी जेमतेम 600 शेअर्स गेले. हॉस्पिटलची तारीख जवळ आलेली, त्यामुळे उरलेले मिळेल त्या भावाला सोडले. विक्रीची सरासरी निघाली 201 रुपये 80 पैसे. म्हणजे साधारण 4,700 रुपयांचा तोटा, वर ब्रोकरेज आणि कर वेगळे. रक्कम लहान होती आणि ऑपरेशनही वेळेवर झालं. पण ते चार दिवस मी कसे काढले ते मला माहीत आहे.

गंमत म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये लिक्विडिटीची गाळणी होती. एक नाही, दोन होत्या. दोन्हीतून हा शेअर व्यवस्थित पास झाला होता. आज बोलायचंय ते याच दोन गाळण्यांबद्दल: त्या नेमकं काय मोजतात आणि माझ्या कुठे चुकल्या.

पहिली गाळणी: रोजची उलाढाल

पहिला प्रश्न साधा आहे. या शेअरमध्ये रोज किती रुपयांची देवघेव होते? भाव गुणिले किती शेअर्स हातोहात गेले, म्हणजे उलाढाल. मोजायची ती रुपयांत, शेअर्सच्या संख्येत नाही. का, ते कळायला आपल्या सांता क्लाराचंच उदाहरण पुरेल. एनव्हिडियाने 2024 च्या जूनमध्ये एका शेअरचे दहा केले. 10 जूनपासून भाव एक दशांश झाला आणि रोज हातोहात जाणाऱ्या शेअर्सची संख्या साहजिकच कित्येक पटींनी फुगली. संख्या मोजणाऱ्या प्रोग्रामला वाटलं असतं, शेअर एका रात्रीत कितीतरी लिक्विड झाला. प्रत्यक्षात पैसा तेवढाच फिरत होता. रुपयांतली किंवा डॉलरमधली उलाढाल अशी फसवत नाही.

माझी गाळणी उलाढालीचीच होती. मागच्या 20 दिवसांची सरासरी 25 लाखांच्या वर हवी, असा नियम. या शेअरची सरासरी 41 लाख होती, म्हणून पास. आता त्या 20 दिवसांत डोकावून पाहू. 19 दिवस उलाढाल रोज सुमारे 12 लाख होती. उरलेल्या एका दिवशी कुणीतरी मोठ्या माणसाने आपला गठ्ठा दुसऱ्या मोठ्या माणसाला विकला, आणि त्या एका दिवसाची उलाढाल 6 कोटी झाली. बेरीज 8 कोटी 28 लाख, भागिले 20, उत्तर 41 लाख 40 हजार. हा आकडा त्या 20 पैकी एकाही दिवशी खरा नव्हता.

त्याऐवजी मध्यक घ्या. सगळे दिवस चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला आकडा उचलायचा. उत्तर येतं 12 लाख. एक दिवस कितीही वेडावाकडा गेला तरी मध्यक हलत नाही. मी 25 ची अट सरासरीऐवजी मध्यकाला लावली असती, तर हा शेअर तिथेच अडला असता.

पण मुळात 25 लाख हा आकडा आला कुठून? खरं सांगायचं तर हवेतून. मी तो कुठेतरी वाचला होता. इथे दुसरी चूक झाली. शेअर लिक्विड आहे की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी लिक्विड, किती रुपयांसाठी, हे विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. पाच हजारांच्या ऑर्डरसाठी तोच शेअर उत्तम असू शकतो आणि पाच लाखांसाठी वाईट.

म्हणून हिशेब आपल्या ऑर्डरपासून सुरू करायचा. अनेक जण वापरतात तो अंगठेनियम असा: एका दिवसाच्या उलाढालीत आपला वाटा 10 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यापुढे गेलो तर भाव आपणच हलवायला लागतो. माझी ऑर्डर चार लाखांची होती. दिवसाला 12 लाखांच्या 10 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. म्हणजे चार लाख आत घालायला तीनाहून जास्त दिवस लागणार, व्यवहारात चार. फुगलेल्या सरासरीने मात्र उत्तर दिलं होतं की एका दिवसात 4 लाख 14 हजार जातील. बघा, एकाच शेअरचे तेच 20 दिवस, पण एक आकडा म्हणतो एक दिवस आणि दुसरा म्हणतो चार.

आणि हा हिशेब घेतानाचा नाही, विकतानाचा करायचा. घेताना घाई नसते, नाही मिळाला तर सोडून देता येतं. विकताना कधी कधी हॉस्पिटलची तारीख असते. त्यातून एनआरआय खात्यातून आज घेतलेला शेअर आजच विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. सकाळी चूक लक्षात आली तरी दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हणून मी आता असं विचारतो: मला दोन दिवसांत बाहेर पडायचं असेल तर किती गुंतवावेत? 12 लाख, त्याचे 10 टक्के, गुणिले दोन दिवस. उत्तर 2 लाख 40 हजार. अशी गाळणी नुसतं हो किंवा नाही म्हणत नाही. ती सांगते, ये, पण एवढेच पैसे घेऊन ये.

फाइलमध्ये नसलेले दिवस

एनएसई रोज संध्याकाळी सगळ्या शेअर्सची एक फाइल काढते. `sec_bhavdata_full` या नावाने ती मिळते आणि तिच्यात `TURNOVER_LACS` या रकान्यात लाखांत उलाढाल असते. यात एक खड्डा आहे. ज्या दिवशी एखाद्या शेअरचा एकही सौदा झाला नाही, त्या दिवशी त्याची ओळच नसते. शून्य लिहिलेलं नसतं, ओळच गायब. एखादा शेअर 20 पैकी पाचच दिवस चालला आणि त्या पाचही दिवशी 30 लाखांची उलाढाल झाली, तर फाइलमध्ये पाच ओळी दिसतील आणि सरासरी काय, मध्यक काय, दोन्ही 30 लाख येतील. पंधरा दिवस त्याला कोणी विचारलंही नव्हतं, हे प्रोग्रामला कळतच नाही. म्हणून रिकाम्या दिवशी शून्य आपण भरायचं:

```python
d = d[d["SERIES"] == "EQ"]
tv = d.pivot(index="DATE1", columns="SYMBOL",
             values="TURNOVER_LACS").fillna(0)
med60 = tv.rolling(60).median().shift(1)
max_order = med60 * 0.10 * 2      # lakh
```

(फाइलमधल्या रकान्यांच्या आणि काही मजकुराच्या पुढे मोकळी जागा असते. ती आधी छाटा आणि तारखा तारखा म्हणून वाचा, नाहीतर पहिलीच ओळ रिकामी येईल.) मी आता 20 ऐवजी 60 दिवस घेतो, कारण तिमाही निकाल लागले की पंधरा-वीस दिवस शेअर उगाच गजबजतो. आणि `shift(1)` विसरू नका. आजची उलाढाल आज बाजार बंद झाल्यावर कळते. ती वापरून आज सकाळीच शेअर घेतला, असं दाखवणारा बॅकटेस्ट उद्याचा पेपर आज वाचतोय.

या शून्यांची किंमत किती असू शकते, त्याचा मुंबईतलाच नमुना बघा. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स ही एशियन पेंट्सच्या प्रवर्तक गटातली कंपनी. तिच्याकडे एशियन पेंट्सचे इतके शेअर्स आहेत, की एल्सिडच्या एकेका शेअरमागे काही लाख रुपयांची मालमत्ता पडते. तरीही 2024 च्या जूनमध्ये बीएसईवर तिचा भाव होता 3 रुपये 53 पैसे. अर्थात त्या भावाला विकायला कोण बसलंय! कोणी विकत नाही म्हणून सौदा नाही, सौदा नाही म्हणून भाव तिथेच गोठलेला. मग सेबीने अशा कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली, आणि 29 ऑक्टोबर 2024 ला भाव निघाला 2,36,250 रुपये.

आता उलाढाल न बघणारा बॅकटेस्ट यात काय करेल? तो जूनमध्ये 3.53 ला हवे तेवढे शेअर्स घेईल आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे 66 लाख 92 हजार टक्के नफा लिहील. शंभर शेअर्सच्या यादीत असा एक जरी आला, तरी उरलेल्या 99 चा निकाल वाचण्यात अर्थ उरत नाही. वरची गाळणी लावली की मध्यक शून्याला टेकतो, `max_order` शून्याजवळ येतो आणि शेअर यादीतून आपोआप जातो.

दुसरी गाळणी: बिड आणि आस्कमधलं अंतर

उलाढाल सांगते दिवसभरात किती पाणी वाहतं. आत्ता, या क्षणी, दारात उभं राहण्याची किंमत काय, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी गाळणी. घ्यायला तयार असलेल्यांचा सगळ्यात चांगला भाव म्हणजे बिड, विकायला तयार असलेल्यांचा सगळ्यात चांगला भाव म्हणजे आस्क. दोन्हींतलं अंतर म्हणजे स्प्रेड. त्याला दोन्हींच्या मधल्या भावाने भागलं की टक्के मिळतात.

सॅन टोमास एक्स्प्रेसवेवरून जाताना एनव्हिडियाच्या त्या त्रिकोणी इमारती दिसतात. त्या कंपनीच्या शेअरमध्ये एरवी स्प्रेड एखाद्या सेंटचा असतो, तोही शंभर डॉलरच्या वरच्या भावावर. म्हणजे एक शतांश टक्क्याहूनही कमी. इथे राहून आपल्याला याची इतकी सवय होते, की स्क्रीनवर दिसतो तोच भाव असं डोक्यात बसतं. माझ्या त्या शेअरमध्ये बिड होती 199 आणि आस्क 201. अंतर 2 रुपये, मधला भाव 200, स्प्रेड 1 टक्का. माझी अट होती 1 टक्का किंवा कमी. पास!

आता स्क्रीनवर आस्कची पूर्ण रांग बघू. ब्रोकर साधारणपणे पहिल्या पाच पायऱ्या दाखवतात:

- 201.00 ला 250 शेअर्स
- 202.00 ला 400
- 203.50 ला 350
- 205.00 ला 500
- 207.00 ला 500

म्हणजे भाजीबाजारासारखंच. पहिल्या गाळ्यावर मेथी वीस रुपये जुडी, पण जुड्या पाचच. तुम्हाला कार्यासाठी चाळीस हव्यात, तर पुढच्या गाळ्यांवर जावं लागणार आणि तिथला भाव वेगळा. मला 2000 शेअर्स हवे होते. पाचही पायऱ्या साफ केल्या तेव्हा ते मिळाले. एकूण 4,08,275 रुपये, सरासरी 204 रुपये 14 पैसे. मधल्या भावापेक्षा 2.07 टक्के जास्त. स्प्रेडने सांगितलं होतं, मधल्या भावापासून अर्धा टक्का दूर. ते खरंच होतं, पण पहिल्या 250 शेअर्सपुरतं.

या 2.07 टक्क्यांना इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात, आणि ही माझ्या पदरची युक्ती नाही. निफ्टी 50 मध्ये शेअर घेताना एनएसई हेच मोजते: 10 कोटींच्या ऑर्डरसाठी मागच्या सहा महिन्यांतल्या 90 टक्के निरीक्षणांमध्ये इम्पॅक्ट कॉस्ट 0.50 टक्क्याच्या आत हवी. त्या वाक्यातला आधी वाचायचा शब्द 10 कोटी हा आहे. आकार ठरल्याशिवाय खर्च ठरत नाही. आपण 10 कोटींच्या जागी आपले चार लाख घालायचे, एवढाच फरक.

घेताना 2 टक्के, विकताना पुन्हा तेवढेच. 3 टक्क्यांच्या नफ्यासाठी जाण्यायेण्याचं भाडं 4 टक्के. मला तोटा झाला यात नशिबाचा काही संबंध नव्हता. गणित ऑर्डर टाकण्यापूर्वीच ठरलेलं होतं.

मोजायचं कधी आणि कसं

स्प्रेड एकदा बघून भागत नाही. मी नंतर वीस दिवस दर पाच मिनिटांनी त्या शेअरच्या पाच पायऱ्या नोंदवल्या. पावणेनऊला बाजार उघडताना स्प्रेड 3 टक्क्यांच्या आसपास असायचा. रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे अकरा वाजता, तो 1 टक्क्यावर यायचा. सकाळी कोणालाच भावाचा अंदाज नसतो, म्हणून सगळे हात राखून भाव लावतात. आपल्या सोयीची वेळ नेमकी महागातली वेळ निघाली. आता मी ऑर्डर उघडताना टाकत नाही, आणि टाकतो ती लिमिट लावूनच: या भावाच्या वर नको, नाही मिळाला तर राहू दे.

नोंदी करताना आणखी एक सापळा आहे. शेअर वरच्या सर्किटला लागला की विकणारा कोणी उरत नाही. आस्कच्या जागी शून्य येतं. समजा बिड 210, आस्क 0. सूत्रात घातलं तर अंतर उणे 210, मधला भाव 105, स्प्रेड उणे 200 टक्के. आणि उणे 200 हे 1 पेक्षा कमीच की! माझ्या अटीतून असे शेअर्स दिमाखात पास होत होते. जो शेअर त्या क्षणी मिळणंच अशक्य, तो प्रोग्रामच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त. म्हणून आधी तपासायचं की दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत का, मगच भागाकार करायचा.

```python
two_sided = (bid > 0) & (ask > bid)
spread = ((ask - bid) / ((ask + bid) / 2)).where(two_sided)
```

किती वेळा `two_sided` खोटं आलं, तेही लिहून ठेवा. वीस दिवसांत दहातल्या एका नोंदीला जरी एक बाजू रिकामी असेल, तर स्प्रेडचा मध्यक कितीही गोंडस असो, मी तो शेअर सोडतो.

जुन्या वर्षांच्या बॅकटेस्टसाठी मात्र अशा नोंदी आपल्याकडे नसतात. रोजच्या फाइलमध्ये बिड-आस्क नाहीच. मग मी आज मोजलेला खर्च जुन्या दिवसांनाही लावतो, आणि मुद्दाम दीडपट लावतो. हा अंदाजच आहे. पण शून्य खर्च धरणं हाही एक अंदाजच असतो, आणि तो नक्की चुकीचा असतो.

दोन्ही गाळण्यांना एक मर्यादा आहे, ती सांगून थांबतो. दोन्ही मागचं बघतात. वाईट बातमी आली आणि शेअर खालच्या सर्किटला लागला की बिडची पूर्ण बाजू रिकामी होते, आणि 60 दिवसांचा मध्यक तेव्हाही हसत 12 लाखच सांगत असतो. त्यावर कुठलंही सूत्र नाही. ज्या पैशाला तारीख आहे, तो अशा शेअरमध्ये घालायचा नाही, एवढंच.

नव्या गाळण्या लावून मी तो जुना बॅकटेस्ट पुन्हा चालवला. यादीतले बहुतेक शेअर्स गळाले, आणि खर्च वजा करून दर सौद्यामागे 3 टक्क्यांच्या जागी अर्धा टक्का उरला. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की ते अडीच टक्के माझे कधी नव्हतेच. ते त्या भावांचे होते, ज्या भावांना कोणी काही विकत नव्हतं.